मागच्या दाराचा खालचा टॉवर बोल्ट: गंज उतरवून पुन्हा सरकता करेपर्यंत

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराला मागच्या पडवीकडे फणसाच्या लाकडाचं दोन झडपांचं दार आहे. उजवी झडप रोजच्या वापरातली. डावी झडप वर एक आणि खाली एक टॉवर बोल्ट लावून कायमची रोवलेली असते. पलंग, पिंप किंवा नारळांची पोती न्यायची असली तरच ती उघडायची. ११ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी पुण्याहून घर उघडायला गेले. वरचा बोल्ट एका बोटाने खाली आला. खालचा मात्र जागचा हलेना. घर जूनपासून बंद होतं आणि समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे फार नवल वाटलं नाही. पण दिवाळीआधी पलंग उन्हात काढायचा होता आणि एका झडपेतून तो जात नाही.

घर सामायिक आहे. दारावर काही नवं बसवायचं तर डोंबिवलीच्या काकांना विचारावं लागतं आणि खर्च बिलासकट सामायिक वहीत लिहावा लागतो. काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "जुना निघत असेल तर तोच ठेव. नवा आणशील तर त्याची भोकं जुळायची नाहीत." ते खरंच होतं. आमचा बोल्ट आठ इंची, जाड दांड्याचा. हल्ली दुकानात मिळणाऱ्या त्याच लांबीच्या बोल्टचा दांडा बारीक असतो आणि पट्टीवरची स्क्रूची भोकं वेगळ्या अंतरावर येतात. जुन्या फणसाच्या लाकडात जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडायची म्हणजे लाकूड तडकायची भीती.

अडकलेला बोल्ट दिसला की सगळे पहिलं सांगतात ते "तेल घाल". आईनेही फोनवर तेच सांगितलं, तेही खोबरेल घालायला. पण तेल घालण्याआधी बोल्ट नक्की कशाने अडकलाय हे बघणं जास्त महत्त्वाचं निघालं. खालच्या बोल्टला अडकायला तीन जागा असतात. पहिली म्हणजे पट्टीवरच्या त्या छोट्या कमानी, ज्यांतून दांडा सरकतो. दुसरी म्हणजे उंबऱ्यातलं भोक, ज्यात दांड्याचं टोक बसतं. तिसऱ्या कारणाचा गंजाशी काही संबंधच नसतो: बिजागरी सैल होऊन किंवा लाकूड पावसाळ्यात फुगून झडप खाली बसते, तिचं वजन दांड्यावर आडवं येतं आणि दांडा भोकाच्या कडेला दाबला जातो. असं असेल तर कितीही तेल ओता, उपयोग शून्य.

तिसरं कारण आधी निकालात काढलं, कारण ते तपासायला काही विकत आणावं लागत नाही. उजवी झडप उघडी असल्यामुळे डाव्या झडपेखाली लाकडी पाचर सारता आली. पाचर हलकेच ठोकून झडप एखाद्या सुताइतकी वर उचलली आणि मूठ हलवून पाहिली. काही फरक नाही. झडप आत-बाहेर ढकलत पाहिलं, तरी नाही. म्हणजे वजनाचा प्रश्न नव्हता. पाचर मात्र शेवटपर्यंत तशीच राहू दिली, म्हणजे दांड्यावर उगाच दाब नको.

आता कमानी की भोक? हे मुठीवरून कळतं. बोल्ट लावल्यावर आपण मूठ बाजूला वळवून पाडून ठेवतो. काढताना ती आधी स्वतःभोवती वळवायची आणि मग वर ओढायची. मूठ वळतच नसेल तर दांडा बहुधा कमानींत धरलाय. वळते पण वर येत नसेल तर टोक भोकात धरलंय. आमची मूठ केसभरही वळत नव्हती.

दांडा लोखंडाचा, कमानीही लोखंडाच्या आणि मधली फट जेमतेम अर्ध्या-एक मिलिमीटरची. लोखंड गंजलं की तयार होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. मोकळ्या पृष्ठभागावर तो पापुद्रे होऊन गळून पडतो, पण कमानीत त्याला जायला वाटच नसते. तो तिथेच ठासून बसतो आणि दांड्याला चहूकडून आवळतो. समुद्राच्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजणं वाढवतं. हे समजलं की पुढचं काम कसं करायचं तेही कळतं. नुसत्या जोराने ओढलं तर ती भुकटी आणखी ठासली जाते. तिला आधी भिजवून, मग थोडी थोडी चुरडून बाहेर काढायची असते.

म्हणून मुठीवर हातोडी मारायची नाही. जुन्या बोल्टची मूठ दांड्यात आट्यांवर किंवा रिपीट ठोकून बसवलेली असते आणि ती जागाही आतून गंजलेली असते. मूठ तुटली की पकडायला काहीच राहत नाही आणि सोपं काम अवघड होतं.

त्या संध्याकाळी जवळ असलेल्या वस्तूंवरच काम सुरू केलं. जुन्या टूथब्रशने कमानींच्या तोंडावरचा सुटा गंज आणि लाल माती झाडली. इथली चिऱ्याची माती गंजासारखीच दिसते, त्यामुळे नक्की काय निघतंय ते ओल्या फडक्याने पुसूनच कळतं. दारावर जुना हिरवा तेलरंग आहे आणि तो बोल्टच्या पट्टीवरही चढलेला होता. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चालावं. तो कोरडा घासू नये. मी पाणी शिंपडून खरवडला आणि निघालेले तुकडे कागदात गुंडाळून टाकले. दोन कमानींच्या कडेला रंगाचा जाड थर दांड्याशी चिकटून गेला होता. तिथे ब्लेडच्या टोकाने रेघ मारून तो सुटा केला. हा थर तसाच राहिला तर तेल आत शिरतच नाही, वरून ओघळून जातं.

घरात शिवणयंत्राचं तेल होतं. वरच्या कमानीच्या वर दांड्यावर थेंब सोडले की ते आपोआप खाली झिरपतात. दांडा उभा असण्याचा हा एक फायदा. थेंब जागेवर टिकावेत म्हणून प्रत्येक कमानीच्या वर कापसाची तेलात भिजवलेली वात दांड्याभोवती गुंडाळली आणि रात्रभर तशीच ठेवली.

१२ तारखेला दसरा. हार्डवेअरच्या दुकानात मापं-वजनं आणि अवजारं मांडून पूजा झालेली होती आणि अर्धं शटर वर होतं. गंज सैल करणाऱ्या स्प्रेचा छोटा डबा १६० रुपये, वायर ब्रश ५०, पॉलिश पेपर ३०. दुकानदाराने संडास साफ करायचं अ‍ॅसिडही पुढे केलं. "दोन मिनिटांत गंज जाईल," म्हणाला. गंज जातो हे खरं. पण त्यातल्या क्लोराइडचे अंश कमानीच्या फटीत उरले तर तिथे आणखी वेगाने गंज धरतो आणि त्याच्या वाफेने शेजारच्या बिजागऱ्यासुद्धा तांबूस पडतात. ते घेतलं नाही. बिल मात्र मागून घेतलं, वहीसाठी.

स्प्रेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तो पातळ असतो म्हणून फटीत शिरतो, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे अगदी पातळ थर राहतो. गंज सैल करायला तो चांगला. वर्षभराचं वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. आणि तो पेट घेतो. सणाचा दिवस, देवघरात समई, पडवीत चूल. मी फवारा मारायच्या आधी चूल विझवली आणि दोन्ही झरोके उघडले.

डब्याबरोबर येणारी बारीक नळी कमानीच्या कडेला टेकवून थोडा फवारा मारायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग छोट्या हातोडीने कमानीवर हलके हलके टकटक करायचं. ठोका दाराला भोक पाडण्यासाठी नसतो. त्या कंपनाने गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल आत ओढलं जातं. नंतर मूठ वळवायची: वर ओढायची नाही, फक्त डावीकडे-उजवीकडे. हे एवढं आवर्जून लिहिते आहे कारण यानेच सगळा फरक पडला. ओढताना दांड्याची पूर्ण लांबी एकदम सुटावी लागते. वळवताना मात्र थोडीशी हालचालही गंजाची पकड मोडते.

दुपारी कमानीच्या खालच्या तोंडातून चॉकलेटी रंगाचं पाणी उतरायला लागलं. हीच हवी असलेली खूण. वर घातलेलं तेल खालून गंज घेऊन बाहेर येतंय म्हणजे वाट मोकळी झाली. तेल खालूनही स्वच्छच येत असेल तर ते बाहेरून ओघळतंय, आत जात नाही, असं समजावं. चहाच्या वेळेला मूठ कुरकुरत थोडी वळली आणि संध्याकाळपर्यंत पूर्ण वळायला लागली. वर मात्र येत नव्हती. म्हणजे आता अडचण भोकात होती.

शेजारचे नाना सुतारकाम करत आले आहेत. सोनं द्यायला आले ते दारापाशीच बसले. उंबऱ्याकडे बघून म्हणाले, "काय गो बाय, वरून तेल घालत्येस नि खाली चिखल तसाच. ता आधी काढ." उंबरा चिऱ्याचा, त्यावर सिमेंट. भोक उघड्या वाटीसारखं, लादी पुसताना आणि पावसात त्यात पाणी साठतं आणि पाण्याबरोबर माती. सायकलच्या चाकाची जुनी तार टोकाला वाकवून दांड्याच्या कडेने आत घातली आणि माती उकरली. कापडाची चिंधी त्याच तारेने आत ढकलून पाणी टिपलं. चिंधी कोरडी यायला लागल्यावरच फवारा मारला, कारण पाण्यावर तेल तरंगतं आणि टोकापर्यंत पोचत नाही. मग रात्रभर थांबले.

१३ तारखेला, रविवारी सकाळी नानांनी आपली लॉक होणारी पक्कड आणली. दोन कमानींच्या मधल्या उघड्या दांड्याला फडक्याची एक घडी गुंडाळून पक्कड घट्ट बसवली, म्हणजे दांड्यावर दात उमटत नाहीत. त्यांनी पक्कड वळवत ठेवली आणि मी पकडीच्या जबड्याला खालून लाकडी ठोकळा लावून वरच्या दिशेने हळू ठोके दिले. वळवणं आणि उचलणं दोन्ही एकदम. थोड्या वेळाने दांडा पाव इंच वर आला. तिथे थांबून तो पुन्हा खाली नेला, फवारा मारला, परत वर. पुढे-मागे असं नेत गेलं की सुटलेली भुकटी बाहेर पडते. एकाच दिशेने रेटत राहिलं तर ती पुढच्या कमानीत जाऊन पुन्हा अडकते. न्याहारीच्या आधी टोक भोकातून बाहेर आलं आणि डावी झडप उघडली.

बरेच जण इथे थांबतात. बोल्ट सरकला, तेल घातलं, संपलं. पण कमानींच्या आत गंज तसाच असतो, तेलाने ओला झालेला. तेल सुकलं की तो पुन्हा घट्ट होतो. त्यामुळे बोल्ट दारावरून उतरवायचं ठरवलं.

सहा स्क्रू होते, चिरेच्या डोक्याचे, रंगाने भरलेले. आधी हॅकसॉच्या तुटक्या पात्याने प्रत्येक चीर साफ केली. स्क्रूड्रायव्हरचं पातं चिरेच्या पूर्ण रुंदीचं असावं, नाहीतर चिरेच्या कडा उडतात. स्क्रूड्रायव्हर बसवून त्याच्या मुठीवर एक-दोन ठोके द्यायचे, स्क्रू आधी जरासा आवळायच्या दिशेने हलवायचा आणि मग सोडवायचा. पाच निघाले. सहाव्याचं डोकं तुटून हातात आलं आणि खोड लाकडात राहिलं. नाना म्हणाले, ते उकरत बसू नको, त्या नादात दाराची फळी जाईल, पाच पुरेत. खोड तिथेच राहिलं.

पट्टी निघाल्यावर तिची मागची बाजू पाहिली, तर ती पुढच्यापेक्षा वाईट. लाकडाकडून ओल धरलेली, पापुद्रे सुटलेले. त्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड वापरलं. किराणा दुकानात 'लिंबूफूल' म्हणून मिळतं, १०० ग्रॅमची पुडी ४० रुपये. थंड पेयाची दोन लिटरची बाटली वरून कापली की आठ इंची बोल्ट तीत उभा राहतो. दर लिटर कोमट पाण्यात अर्धी पुडी, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नये. बोल्ट आत सोडण्याआधी भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने घासून सगळं तेल काढलं, कारण तेलाच्या थराखाली आम्ल पोचत नाही. इतका वेळ मुद्दाम तेल पाजलं आणि आता तेच धुवायचं, हे जरा विचित्र वाटतं खरं.

दुपारी दोनच्या सुमारास बोल्ट बुडवला. बारीक बुडबुडे यायला लागले आणि पाणी हळूहळू पिवळट-हिरवट झालं. तासातासाने बाहेर काढून ब्रशने घासत होते आणि प्रत्येक वेळी दांडा पुढे-मागे सरकवत होते, म्हणजे कमानींच्या आतला भागही पाण्यात उघडा पडतो. संध्याकाळी सातपर्यंत लाल रंग गेला आणि राखाडी, निस्तेज लोखंड दिसलं. वर काळसर साय राहते, ती ब्रशने निघते. रात्रभर ठेवण्याचा मोह आवरावा. गंज संपल्यावर आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं. ज्यांचा बोल्ट पितळी किंवा जस्ताचा मुलामा दिलेला आहे त्यांनी हा उपाय करूच नये. पितळ तांबूस पडतं आणि जस्त तर काही वेळातच विरघळून जातं. हे पाणी सिमेंटच्या कोब्यावरही सांडू देऊ नका, डाग पडतात. आणि ब्लीचिंग पावडरच्या जवळपाससुद्धा नेऊ नका, विषारी क्लोरीन सुटतो.

कमानींच्या आत ब्रश जात नाही. तिथे नानांची युक्ती उपयोगी पडली. सुतळी तेलात बुडवून तिला बारीक वाळू लावली, ती दांडा आणि कमान यांच्या फटीत ओवली आणि दोन्ही टोकं धरून रवीच्या दोरीसारखी आळीपाळीने ओढली. सुतळी काळी होऊन येते. ती बदलत राहायची. नंतर वाळू नीट धुऊन काढायची, नाहीतर तीच दांडा झिजवत बसेल.

आम्लातून काढलेलं उघडं लोखंड दमट हवेत डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस व्हायला लागतं. त्यामुळे या टप्प्यावर रेंगाळायचं नाही. आधी साधं पाणी, मग खाण्याचा सोडा घातलेलं पाणी, म्हणजे उरलंसुरलं आम्ल मारलं जातं. शेवटी उकळतं पाणी ओतायचं. धातू इतका तापतो की फटींतलं पाणी आपोआप वाळतं, आणि तो गरम असतानाच तेल लावायचं. चिमट्याने धरा, हात भाजतो.

आता दांडा नीट बघता आला. कमानींतला भाग खरबरीत होता, पण चालण्यासारखा. भोकात बसणाऱ्या टोकाजवळ मात्र कंबरेसारखी झीज झाली होती. कॅलिपर नव्हतं, म्हणून पान्यांनी मापलं. वरच्या भागावर १२ नंबरचा पाना बरोबर बसतो. झिजलेल्या जागी तो ढिला होतो, पण १० चा शिरत नाही. म्हणजे तिथे दहापेक्षा जास्त आणि बारापेक्षा कमी. आतल्या दारासाठी एवढं पुरे असं नाना म्हणाले आणि मलाही पटलं. दांडा निम्म्यावर आला असता, किंवा कमान एखाद्या जागी फाटलेली असती, तर मी सरळ नवा घेतला असता. नव्या आठ इंची लोखंडी बोल्टचा भाव त्याच दुकानात १४० रुपये होता आणि माझा खर्च त्याच्या दुपटीच्या वर गेला, हेही सांगून टाकते.

१४ ला सकाळी पट्टीच्या मागच्या बाजूचं तेल साबणाने पुसून तिथे घरातला उरलेला रेड ऑक्साइड प्रायमर लावला. तो दांड्यावर किंवा कमानींच्या आत लावायचा नाही. रंगाचा थरही फट भरतोच. वाळायला दुपार झाली.

वंगणाचं पुन्हा सांगते, कारण आईशी त्यावर बराच वाद झाला. जवसाचं तेल वाळून कडक होतं. करडई, सूर्यफूल कालांतराने चिकट होतं. खोबरेल त्यामानाने बरं, पण २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं आणि कुबट झालं की त्यात आम्ल तयार होतं. शिवणयंत्राचं तेल खनिज असतं, त्याला यातलं काहीच होत नाही. २५ रुपयांची बाटली दोन-तीन वर्षं पुरेल. कमानींसाठी तेच वापरलं आणि जास्तीचं पुसून टाकलं, म्हणजे धूळ धरत नाही. भोकात बसणाऱ्या टोकाला मात्र बोटभर ग्रीस. ते माती धरतं हे खरं, पण तिथे पाणी अडवणं जास्त गरजेचं. पेन्सिलीचं शिसं, म्हणजे ग्रॅफाइट, कुलपांना चांगलं म्हणतात. खाऱ्या ओलीत लोखंडाशी त्याचा संबंध आला की गंजायला उलट मदत होते, म्हणून किनाऱ्यावर नको.

बसवताना जुनी भोकं सैल झाली होती. बांबूच्या बारीक कामट्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यांत ठोकल्या, वर सपाट कापल्या आणि नवे स्क्रू (३० रुपये) घातले. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं करू नये, पट्टी पिळली जाते आणि स्वच्छ केलेला दांडाही कमानींत अडतो. सगळे अर्धवट आवळायचे, दांडा सरकवून बघायचा, मग समोरासमोरचे थोडे थोडे. शेवटी झडपेखालची पाचर काढली आणि दांडा भोकात सोडून पाहिला. जाताना भोकाच्या एका कडेला घासत होता, तेवढं सिमेंट कानशीने उतरवलं. वहीत ३३५ रुपये लिहिले, बिलं टाचली.

जानेवारीत पुन्हा गेले तेव्हा बोल्ट बोटाने वर आला. कमानींवर तांबूस पावडर नव्हती. तुटलेल्या स्क्रूच्या खोडाभोवती लाकडावर काळा डाग पसरला आहे, तेवढं लक्ष ठेवायला हवं. टोकावरचं ग्रीस लाल मातीने माखलं होतं. ते पुसून नवं लावलं.

भोकात पाणी साठणार, हे मात्र तसंच आहे. उंबरा फोडल्याशिवाय त्याला उतार देता येत नाही आणि काका उंबऱ्याला हात लावू देणार नाहीत. त्यामुळे मे महिन्यात घर बंद करताना खालचा बोल्ट वर उचललेलाच ठेवायचा, भोकात मेणात बुडवलेल्या चिंधीचा बोळा ठोकायचा आणि दोन्ही झडपांना मिळून जुना लाकडी आडणा लावायचा असं नानांशी बोलून ठरवलं आहे. आडणा माळ्यावर आहे. त्याची एक खोबण किडीने खाल्ली आहे, ती एप्रिलमध्ये नानांकडून करून घेईन.